कार्नो सायकल टी-एस आलेखावर: आयत काढा, चौकटी मोजा, उष्णता वाचा

थर्मोडायनॅमिक्स पहिल्यांदा शिकताना कार्नो सायकल बहुतेक ठिकाणी पी-व्ही आलेखावर दाखवतात, आणि तिथे चार वाकड्या रेषा एकमेकींना इतक्या चिकटून येतात की आयसोथर्मल कुठली आणि ॲडियाबॅटिक कुठली हेच पोरांना कळत नाही. त्या आलेखावर आतलं क्षेत्रफळ म्हणजे वर्क, एवढं मिळतं. उष्णता किती घेतली, किती टाकली, हे नुसतं बघून सांगता येत नाही. टी-एस, म्हणजे तापमान-एन्ट्रॉपीच्या आलेखावर मात्र तीच सायकल सरळ आयत होते आणि तिन्ही गोष्टी चौकटी मोजून वाचता येतात. गुहागर-चिपळूणकडची डिप्लोमाची पोरं सुट्टीत माझ्याकडे हाच टॉपिक घेऊन बसतात, तर त्यांच्यासोबत जसा काढतो तसाच इथे पायरीपायरीने लिहितोय, वाचता वाचता सोबत काढत गेलात तर जास्त फायदा होईल.

काय काय लागेल

- सेंटिमीटरचा ग्राफ पेपर, पट्टी, टोकदार पेन्सिल
- दोन रंगांच्या पेन्सिली, एक घेतलेल्या उष्णतेला, एक टाकलेल्या
- `ln` बटण असलेला कॅल्क्युलेटर
- गणितातून तीन गोष्टी: गरम बाजूचं तापमान, थंड बाजूचं तापमान, आणि गरम बाजूला वायूचं आकारमान किती पट वाढलं ते

आपलं उदाहरण असं घेऊ. सिलेंडरमध्ये १ किलो हवा आहे. गरम बाजू ३२७ अंश सेल्सिअस, थंड बाजू २७ अंश, आणि गरम बाजूला उष्णता घेताना हवेचं आकारमान दुप्पट होतं. २७ अंश मुद्दाम घेतलंय, कारण आपल्या खाडीचं पाणी वर्षातला बराच काळ त्याच्याच आसपास असतं, आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याही इंजिनाला उरलेली उष्णता टाकायला शेवटी तेच पाणी आहे.

१. आधी केल्विन, मग पेन्सिल

दोन्ही तापमानांत २७३ मिळवा. ३२७ चे झाले ६०० केल्विन, २७ चे झाले ३००. हे पेन्सिल उचलायच्या आधी करायचं, नंतर नाही. का ते पाचव्या पायरीत सविस्तर येतंय, आत्ता फक्त करा.

२. रुंदी काढा, म्हणजे एन्ट्रॉपीतला फरक

आयताची उंची तापमानं देतात. रुंदी एन्ट्रॉपी देते. रिव्हर्सिबल प्रक्रियेत तापमान स्थिर असेल तर घेतलेली उष्णता आणि एन्ट्रॉपीतला फरक यांचं नातं एवढंच आहे:

`Q = T × ΔS`

हवेसारख्या आदर्श वायूला स्थिर तापमानात फरक काढायचा म्हणजे हवेचा गॅस कॉन्स्टंट ०.२८७ गुणिले आकारमानाच्या गुणोत्तराचा लॉग. दुप्पट झालंय, म्हणून २ चा `ln` म्हणजे ०.६९३. गुणाकार येतो ०.१९९. आपण चित्रासाठी ०.२ किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्विन धरू, म्हणजे चौकटी पूर्ण आकड्यात येतील.

इथे कॅल्क्युलेटरवर `log` दाबला तर ०.३०१ येतं आणि रुंदी निम्म्याहून कमी होते. असं झालं की पुढचं सगळं गुणोत्तर बरोबर येतं, कार्यक्षमता पण बरोबर येते, फक्त उष्णतेचे आकडे चुकतात, त्यामुळे ही चूक शेवटपर्यंत लपून राहते. बटण बघून दाबा.

३. अक्ष आणि स्केल

उभ्या अक्षावर तापमान, १ सेंटिमीटरला ५० केल्विन. तळाला शून्य लिहा, खरंखुरं शून्य केल्विन. म्हणजे ३०० येईल ६ सेंटिमीटरवर आणि ६०० येईल १२ वर. आडव्या अक्षावर एन्ट्रॉपी, १ सेंटिमीटरला ०.०५. आपली रुंदी ०.२ आहे, म्हणजे ४ सेंटिमीटर.

आता ती ४ सेंटिमीटर आडव्या अक्षावर कुठे ठेवायची? कुठेही ठेवा. डावी कड २ वर घ्या, ५ वर घ्या, उत्तर तेच येणार. आडव्या अक्षावर आपल्याला फक्त फरक लागतो, त्यामुळे तिथलं शून्य कुठे आहे याने काही बिघडत नाही. उभ्या अक्षावर मात्र शून्य जागच्या जागी असलंच पाहिजे. दोन अक्षांमधला हा फरक नीट लक्षात घ्या, कारण या आलेखावरचे बरेचसे घोळ इथूनच निघतात.

एका चौकटीची किंमत आत्ताच काढून कोपऱ्यात लिहून ठेवा. १ चौरस सेंटिमीटर म्हणजे ५० गुणिले ०.०५, म्हणजे २.५ किलोज्यूल. मागे एका पोराने विचारलं होतं, "दादा, क्षेत्रफळाला किलोज्यूल कसं काय?" प्रश्न एकदम रास्त आहे. उभ्या अक्षाचं एकक केल्विन, आडव्याचं किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्विन, गुणाकारात केल्विन कटतो आणि हातात राहतात किलोज्यूल प्रति किलो. आपल्याकडे किलोच एक आहे, म्हणून सरळ किलोज्यूल.

४. चार बिंदू, चार रेषा

डाव्या वरच्या कोपऱ्याला १ म्हणा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जा.

१ ते २: वरची आडवी रेषा, ६०० केल्विनवर. हवा फुगते, उष्णता घेते, एन्ट्रॉपी वाढते. बाण उजवीकडे.

२ ते ३: उजवी उभी रेषा खाली. उष्णता येत नाही जात नाही, हवा फुगतच राहते आणि स्वतःची ऊर्जा खर्च करून ३०० केल्विनला येते. एन्ट्रॉपी तीच, म्हणून रेषा एकदम उभी.

३ ते ४: खालची आडवी रेषा, ३०० केल्विनवर. हवा दाबली जाते, उष्णता खाडीच्या पाण्यात जाते. बाण डावीकडे.

४ ते १: डावी उभी रेषा वर. परत उष्णतेची ये-जा बंद, हवा दाबून दाबून ६०० ला आणायची.

झाला आयत. आता वाचन. वरच्या रेषेपासून थेट तळाच्या शून्यापर्यंत जो मोठा आयत होतो तो एका रंगाने आखा, १२ बाय ४, म्हणजे ४८ चौकटी, गुणिले २.५ बरोबर १२० किलोज्यूल. ही घेतलेली उष्णता. खालच्या रेषेपासून शून्यापर्यंतचा आयत दुसऱ्या रंगाने, ६ बाय ४, २४ चौकटी, ६० किलोज्यूल. ही टाकलेली. दोन रंग एकमेकांवर आले तो भाग खाडीत गेला, आणि वर एकच रंग उरलेला जो आयत आहे, तो २४ चौकटींचा, ६० किलोज्यूल, ते वर्क. कार्यक्षमता १२० पैकी ६०, म्हणजे ५० टक्के.

बघा, दोन्ही आयतांची रुंदी एकच आहे, फक्त उंची वेगळी. त्यामुळे टाकलेली आणि घेतलेली उष्णता यांचं गुणोत्तर म्हणजे नुसतं उंचीचं गुणोत्तर, ३०० भागिले ६००. कार्यक्षमतेचं सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही, ते चित्रात उभंच आहे. मला स्वतःला या विषयातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर हे. कार्नोने ही सायकल १८२४ मध्ये मांडली तेव्हा एन्ट्रॉपी ही संकल्पनाच नव्हती, क्लॉशियसने तिला ते नाव १८६५ मध्ये दिलं. कार्नोची समजूत होती की जेवढी उष्णता वरून येते तेवढीच खाली जाते आणि ती वरून खाली पडताना काम होतं, पाणचक्कीवर पाणी पडतं तसं. उष्णतेबद्दल हे खरं नाही, १२० येते आणि ६० जाते. पण वर जेवढी येते तेवढीच खाली जाते अशी एक गोष्ट या आलेखावर खरंच आहे, ती म्हणजे आयताची रुंदी.

५. सगळ्यात मोठा खड्डा: तळाचं शून्य

आता समजा कोणी केल्विन न करता सेल्सिअसमध्येच आलेख काढला, तळाला शून्य अंश सेल्सिअस. घेतलेली उष्णता ३२७ गुणिले ०.२, म्हणजे ६५.४. टाकलेली २७ गुणिले ०.२, म्हणजे ५.४. वजाबाकी ६०.

वर्क बरोबर आलं! आणि म्हणूनच ही चूक वाईट आहे. मधल्या आयताची उंची म्हणजे तापमानांतला फरक, तो सेल्सिअसमध्ये पण ३०० आणि केल्विनमध्ये पण ३००, त्यामुळे वर्क तपासून काही कळत नाही. बिघडतो तो खालचा आयत. कार्यक्षमता काढली की ६० भागिले ६५.४, जवळजवळ ९२ टक्के, आणि हा आकडा बघून तरी शंका यायला हवी, कारण थंड बाजू ३०० केल्विनवर असताना एवढी कार्यक्षमता यायला गरम बाजू साडेतीन हजार केल्विनच्याही वर लागेल.

हाच घोळ दुसऱ्या रूपात पण येतो. कागद वाचवायला म्हणून लोक उभा अक्ष २५० किंवा २८० पासून सुरू करतात, नाहीतर खाली तुटक खूण करून मधला भाग गाळतात. छापील आकृत्यांमध्ये हे सर्रास दिसतं. आकार समजायला ते चालतं, पण त्या आकृतीवर चौकटी मोजून उष्णता काढू नका, खालचा आयत कापलेला असतो. तसा आलेख समोर आला तर मधला आयत मोजा, वर्क घ्या, आणि उष्णता मात्र तापमान गुणिले रुंदी करूनच काढा.

मग बरोबर आहे की नाही हे ओळखायचं कसं? बरेच जण घेतलेली उष्णता भागिले वरचं तापमान आणि टाकलेली भागिले खालचं तापमान सारखं येतं का ते बघतात. सेल्सिअसवाल्या चुकीत ते पण सारखंच येतं, ६५.४ भागिले ३२७ म्हणजे ०.२, ५.४ भागिले २७ म्हणजे ०.२, कारण तुम्ही त्याच आकड्यांनी गुणलेलं होतं. त्यामुळे चेक बाहेरून आणायचा. आयसोथर्मल फुगताना आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा बदलत नाही, म्हणून घेतलेली उष्णता म्हणजे त्या टप्प्यात हवेने केलेलं काम, पी-व्ही रेषेखालचं क्षेत्रफळ, जे दाब गुणिले आकारमान गुणिले लॉग असं येतं. सुरुवातीचा दाब २० बार धरला तर ६०० केल्विनला १ किलो हवेचं आकारमान ०.०८६१ घनमीटर. २००० किलोपास्कल गुणिले ०.०८६१ गुणिले ०.६९३ केलं की ११९ च्या थोडं वर येतं. आपल्या १२० शी जुळलं (फरक आहे तो ०.१९९ चे ०.२ केल्याचा). ६५.४ वाल्याचं जुळणार नाही.

६. तोच आयत गरम झऱ्याच्या पाण्यावर

हे कोकणात राहून काढून बघायलाच हवं. तुरळ, राजवाडी, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, आपल्याकडे गरम पाण्याचे झरे भरपूर आहेत, आणि दर वेळी कोणीतरी विचारतोच की एवढं गरम पाणी फुकट वाहतंय तर त्यावर वीज का नाही काढत. आयत काढा, उत्तर दिसेल.

झऱ्याचं पाणी ५७ अंश धरू, म्हणजे ३३० केल्विन. थंड बाजू तीच, ३००. रुंदी पण तीच ०.२ ठेवू. त्याच ग्राफ पेपरवर वरची रेषा आता ६.६ सेंटिमीटरवर येते आणि खालची ६ वर. घेतलेली उष्णता ६६ किलोज्यूल, टाकलेली ६०, वर्क ६. मधली पट्टी जेमतेम ६ मिलिमीटर जाडीची. कार्यक्षमता ९.१ टक्के, आणि ही पण आदर्श इंजिनाची, प्रत्यक्षातलं यापेक्षा कमीच देणार.

पहिल्या आयताशी शेजारी ठेवून बघा. खाडीत टाकायची उष्णता दोन्हीकडे सारखीच, ६०. वर्क एकीकडे ६०, दुसरीकडे ६. म्हणजे सारखंच वर्क हवं तर या झऱ्यावरच्या इंजिनाला थंड करायची सोय दहापट लागेल. शिवाय झऱ्याचं पाणी उष्णता देता देता स्वतः थंड होत जातं, वरची रेषा ३३० वर सपाट राहतच नाही, ती डावीकडे खाली झुकते, त्यामुळे हिशोब अजून घटतो. असे कमी तापमानाचे प्लांट जगात आहेत, पण ते का महाग पडतात ते या ६ मिलिमीटरच्या पट्टीत दिसतं.

७. तिरकी रेषा आली की क्षेत्रफळावर विश्वास ठेवू नका

आतापर्यंत सगळं रिव्हर्सिबल होतं. खऱ्या मशीनमध्ये २ ते ३ फुगताना घर्षण होतं, हवेत भोवरे होतात, आणि उष्णता बाहेरून आत आली नाही तरी एन्ट्रॉपी वाढते. समजा ती ०.०३ ने वाढली. मग बिंदू ३ उजवीकडे सरकतो, रेषा उभी न राहता खाली येता येता उजवीकडे झुकते. खालच्या रेषेची रुंदी आता ०.२३.

टाकलेली उष्णता ३०० गुणिले ०.२३, म्हणजे ६९. घेतलेली तीच १२०. वर्क उरलं ५१. आधी ६० होतं, ९ गेलं, आणि ते ९ म्हणजे बरोबर ३०० गुणिले ०.०३.

आता चौकटी मोजून बघा काय होतं. रेषा तिरकी झाल्यावर आतली आकृती आधीच्या आयतापेक्षा मोठी दिसते, उजवीकडे एक त्रिकोण वाढलाय, अर्धा गुणिले ०.०३ गुणिले ३००, म्हणजे ४.५. आतलं क्षेत्रफळ म्हणून कोणी वाचलं तर ६४.५ येतं. खरं वर्क ५१. म्हणजे मशीन बिघडलं आणि चित्र सांगतंय सुधारलं! कारण तिरक्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे उष्णता नाहीच, त्या टप्प्यात उष्णता शून्य आहे. क्षेत्रफळ म्हणजे उष्णता हा नियम फक्त रिव्हर्सिबल रेषेला लागू.

म्हणून माझा आग्रह असतो की अशी रेषा तुटकच काढायची, सलग कधीच नाही. तुटक रेषा दिसली की तिच्याखाली रंग भरायचा नाही, आणि वर्क हवं असेल तर आतलं क्षेत्रफळ न मोजता घेतलेल्यातून टाकलेली वजा करायची. आडव्या दोन रेषा अजून रिव्हर्सिबल आहेत, त्यांच्याखालचे आयत खरे आहेत, तेवढेच वापरायचे.

८. उलटे बाण: बंदरावरचा बर्फाचा कारखाना

मिरकरवाडा असो नाहीतर हर्णे, मासळी उतरते त्या बंदराला बर्फ लागतोच, आणि तो बनवणारं मशीन म्हणजे हाच आयत उलट्या दिशेने. बाण घड्याळाच्या विरुद्ध फिरवले की खालच्या रेषेवर उष्णता आत येते आणि वरच्या रेषेवर बाहेर जाते.

मिठाच्या पाण्याच्या टाकीतून उष्णता ओढणारा अमोनिया उणे १३ अंशांवर उकळतोय असं धरू, म्हणजे २६० केल्विन, आणि कंडेन्सरमध्ये ३७ अंशांवर, म्हणजे ३१० ला तो द्रव होतोय. रुंदी सोयीसाठी ०.२ च ठेवू. अमोनियाला ती प्रत्यक्षात बरीच मोठी येते, पण गुणोत्तराला त्याने फरक पडत नाही. खालच्या रेषेखालचा आयत ५२ किलोज्यूल, ही टाकीतून काढलेली उष्णता. वरच्या रेषेखालचा ६२, ही कंडेन्सरवर सोडलेल्या पाण्यात टाकलेली. मधली पट्टी १० किलोज्यूल, हे कॉम्प्रेसरला द्यावं लागलेलं वर्क. म्हणजे १० खर्च करून ५२ काढली, ५.२ पट.

इथे नवीन मुलं नेहमी एका जागी अडकतात. इंजिनात मोठा आयत म्हणजे घेतलेली उष्णता हे डोक्यात बसलेलं असतं, आणि इथे मोठा आयत टाकलेली उष्णता असतो. त्यामुळे रंग आयताच्या आकारावरून भरू नका, बाणावरून भरा: आडवी रेषा उजवीकडे चालली असेल तर तिच्याखालची उष्णता आत येतेय, डावीकडे चालली असेल तर बाहेर जातेय. इंजिन असो, बर्फाचा कारखाना असो, हे बदलत नाही.

आणि उन्हाळ्यात कंडेन्सरचं पाणी तापलं की काय होतं तेही याच चित्रावर काढा. वरची रेषा ३१० वरून ३१५ ला सरकवा, रुंदी तीच. काढलेली उष्णता ५२ ची ५२ च राहते, वर्क मात्र १० चं ११ होतं. ५ अंशांना कॉम्प्रेसरचा १० टक्के जास्त भार, तोही आदर्श मशीनला.